मौनाची मात्रा

स्वरतंतूवरील पॉलिप म्हणजे तंतूच्या कडेवर, बहुधा एकाच बाजूला वाढणारी मऊ गाठ. जोराने बोलण्याच्या किंवा ओरडण्याच्या ताणाने आतली सूक्ष्म रक्तवाहिनी फुटणे हे तिचे एक नेहमीचे कारण. शस्त्रक्रियेने ती काढून टाकल्यावर रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा ‘आवाजाला विश्रांती’ एवढाच शेरा असतो. विश्रांती किती दिवस आणि त्यानंतर बोलायला सुरुवात कशी करायची, हे मात्र त्यावर नसते. आणि उपचाराचा अर्धा भाग नेमका तिथेच असतो.

स्वरतंतूच्या वरच्या पातळ आवरणाखाली मऊ, जेलीसारखा एक थर असतो, आणि आवरण या थरावर मोकळेपणाने लहरत असल्यामुळेच आवाज स्वच्छ निघतो. बोलताना स्त्रीचे दोन्ही तंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात, म्हणजे एका मिनिटाच्या अखंड स्वरात सुमारे 12,000 वेळा. ताज्या जखमेवर हा मारा झाला तर सूज वाढते, नव्याने धरू लागलेले आवरण पुन्हा दुखावते, आणि व्रण खोलवर गेल्यास आवरण खालच्या थराला चिकटून लहर कायमची मंदावते. म्हणून सुरुवातीचे दिवस पूर्ण मौनाचे.

परंतु मौन जितके लांबेल तितके चांगले, हा समज टिकत नाही. शल्यचिकित्सकांमध्ये सात दिवसांचा प्रघात मोठा असला, तरी तो बराचसा परंपरेने आलेला आहे. जपानमधील कानेको आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांचे दोन गट करून एकाला तीन आणि दुसऱ्याला सात दिवस मौन दिले, त्यानंतर दोघांनाही स्वरोपचार दिले, आणि तीन दिवसांच्या गटाचा आवाज अधिक चांगला सुधारल्याचे आढळले. भरत्या जखमेला योग्य वेळी सौम्य कंपन मिळाले तर नव्या तंतुमय ऊती अधिक लवचीक राहतात, असा त्यामागचा विचार आहे. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून रुग्णाने स्वतःच दिवस कमी करू नयेत. जखम किती मोठी आहे आणि एका बाजूची की दोन्ही बाजूंची, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच ठाऊक असते.

मौनाचा अर्थही नेमका हवा. कुजबुजणे हे मौन नव्हे, कारण कुजबुजताना पुष्कळ जण स्वरयंत्राचा वरचा भाग घट्ट आवळतात. घसा खाकरणे आणि खोकणे याने तंतू जोरात आपटतात, तर जड वस्तू उचलताना ते एकमेकांवर दाबले जातात. म्हणून खाकरण्याची उबळ आली की घोटभर पाणी पिऊन गिळावे, आणि खोकला किंवा आम्लपित्त असेल तर त्यावर आधीच औषध घ्यावे.

आता एका शिक्षिकेचे काल्पनिक उदाहरण घेऊ. सोमवारी शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तीन दिवस मौन सांगितले, तर मंगळवार ते गुरुवार ती कागदावर लिहूनच संवाद साधेल. शुक्रवारी स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली ती पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ धरून हलका स्वर काढेल, ओठ मिटून ‘म्’ गुणगुणेल, आणि दिवसभरात दर तासाला चार-पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलणार नाही. तेही समोरासमोर, नेहमीच्या सहज आवाजात. पुढे दर दोन-तीन दिवसांनी ही मिनिटे थोडी वाढवत न्यायची. बोलल्यानंतर घोगरेपणा वाढला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरला नाही, तर मात्रा जास्त झाली असे समजून एक पायरी मागे यावे. आवाज अचानक गेला, थुंकीत रक्त दिसले किंवा श्वास अडू लागला, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. वर्गात परतण्याआधी स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची लहर मंदगतीने दाखवणारी तपासणी, करून घेणे श्रेयस्कर. पहिले काही आठवडे माइक वापरावा, आणि गाणे, ओरडणे किंवा गोंगाटावर आवाज चढवणे सर्वांत शेवटी, तपासणीनंतरच सुरू करावे.

प्रत्यक्षात वैद्यकीय रजा मौनापुरती मिळते आणि ती संपताच शिक्षिका सहा तासिकांसाठी साठ मुलांसमोर उभी राहते. ज्या वापराने पॉलिप झाला, तोच वापर अर्धवट भरलेल्या जखमेवर पुन्हा सुरू होतो. हे टाळायचे तर डॉक्टरांनी प्रमाणपत्रात मौनाच्या दिवसांबरोबर पुढील टप्पेही लिहावेत: पहिल्या आठवड्यात दोनच तासिका, माइकसह, मैदानावरील कवायतीची जबाबदारी नको. मुख्याध्यापकांना ‘विश्रांती’ या शब्दावरून वेळापत्रक बदलता येत नाही, आकड्यांवरून येते.