लादी फुटते ती भट्टीत नव्हे, ट्रेमध्ये

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. तेव्हापासून ज्यांनी विटांची भट्टी सोडून गॅसचा किंवा विजेचा ओव्हन घेतला, त्यांच्यापैकी अनेकांचे गाऱ्हाणे एकच आहे: पाव फुगतो, पण लादी एकजीव होत नाही, कडा कोरड्या पडतात आणि वरचा दुधाळ तजेला जातो. दोष नव्या ओव्हनला दिला जातो. तो काही अंशी खरा आहे, पण निम्मे काम त्याआधीच बिघडलेले असते.

लादीपावाची बाजू पांढरी आणि मऊ राहते, कारण तिला भट्टीची कोरडी आच लागतच नाही. शेजारचा पाव तिला झाकतो. मात्र दोन गोळे ओव्हनमध्ये जाण्याआधी एकमेकांना टेकलेले हवेत. ते आत गेल्यावर टेकले, तर तोवर बाजूवर पातळ साल धरलेली असते. मग पाव तोडताना तंतू सुटत नाहीत, दोन कोरड्या भिंती वेगळ्या होतात.

म्हणून अंतर मोजूनच ठेवावे. उदाहरण म्हणून ५०० ग्रॅम मैद्याचे पीठ घेऊ. त्यात ३२० ग्रॅम पाणी, २५ ग्रॅम साखर, १५ ग्रॅम दूध पावडर, ९ ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि शेवटी ३० ग्रॅम लोणी. मळलेले पीठ साधारण ९०० ग्रॅम भरते आणि त्याचे ४५ ग्रॅमचे २० गोळे होतात. हवा काढून घट्ट वळलेला असा गोळा सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास असतो. आतून २५ बाय ३१ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये चार-पाचच्या ओळींत ते मांडले, की दोन गोळ्यांमध्ये जवळपास दोन आणि ट्रेच्या भिंतीपाशी एक सेंटिमीटर जागा उरते. गोळे दुप्पट होतात तेव्हा ही जागा भरते.

याच ट्रेमध्ये हावरेपणाने २५ गोळे कोंबले, तर पाव फक्त वर चढतो. तो उंच आणि अरुंद होतो, खाचा खोल जातात आणि मधल्या ओळीचा पाव आतून चिकट राहतो. वरचा रंग बघून हे कळत नाही. थर्मामीटरची सळई मधल्याच पावात खुपसावी. ९३ ते ९५ अंश दिसले तर लादी झाली.

दुसऱ्या फुगवणीची वेळ घड्याळावर सोडू नये. मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत पिठाचा वेग फार वेगळा असतो. गोळे शेजाऱ्याला टेकले आहेत, पण प्रत्येकाचा घुमट अजून वेगळा दिसतो आणि बोटाने हलके दाबले तर खळगा हळूहळू अर्धाच भरतो, ही खरी वेळ. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला. ती लादी ओव्हनमध्ये बसणार.

आता दूध. त्यातली दुग्धशर्करा यीस्ट खात नाही, त्यामुळे ती वरच्या थरात शिल्लक राहते आणि प्रथिनांबरोबर तापून तपकिरी होते. स्निग्धांश साल नरम ठेवतो. अंड्याने याहून जास्त चकाकी येते, पण साल कडक होते. लादीपावाला ती शोभत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. उकळून खोलीच्या तापमानाला आणलेले दूध मऊ ब्रशने, भार न देता, फक्त घुमटावरून फिरवावे. खाचांत दूध साचले तर तिथले पीठ गिचका होते. फ्रिजमधले गार दूध तर नकोच, पूर्ण फुगलेला गोळा त्याने आणि ब्रशच्या दाबाने खचू शकतो.

आता ओव्हनकडे येऊ. विटांची बंद भट्टी पावांनी भरली, की पिठातून निघालेली वाफ आतच कोंडते आणि साल उशिरा धरते. पंख्याचा ओव्हन तीच वाफ बाहेर फेकतो. शक्य तिथे पहिली सहा-सात मिनिटे पंखा बंद ठेवावा, झडप लावावी आणि तळाशी उकळत्या पाण्याची थाळी ठेवावी. २१० अंशांवर वर सांगितलेली लादी १२ ते १४ मिनिटांत होते. पंखा बंद होत नसेल, तर तापमान १९० वर आणावे.

ट्रे बाहेर येताच, साल तापलेली असतानाच, दुधाचा दुसरा पातळ हात फिरवावा आणि पाच मिनिटांनी लादी जाळीवर काढून सुती फडक्याने झाकावी. ट्रेमध्येच राहिली तर तळाला घाम सुटतो.

ज्यांनी ओव्हन बदलला आहे, त्यांनी आपल्या ट्रेचे आतले माप, गोळ्याचे वजन आणि जमलेले तापमान आम्हाला लिहून पाठवावे. मापे आली की पुढच्या अंकात छापू. अजून भट्टी बदलायची असलेल्या बेकरीवाल्यांना त्यांची गरज आहे.