‘जेन झी’च्या डब्यात भिवंडी मावेना

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजमध्ये जाहिरात क्षेत्रातले एक पाहुणे बोलायला आले होते. त्यांनी स्क्रीनवर एक मुलगी दाखवली. नाव रिया, वय 22, हातात कोल्ड कॉफी, कानात इअरबड्स. खाली तिचा स्वभाव लिहिलेला: लक्ष आठ सेकंदच टिकतं, एकाच ब्रँडला धरून राहत नाही, पैसे साठवत नाही. पुढच्या स्लाइडवर शरदराव, वय 66. त्यांना अ‍ॅपची भीती वाटते, जुन्या आठवणी काढणाऱ्या जाहिराती आवडतात आणि खरेदीचा निर्णय त्यांचा मुलगा घेतो. एक ‘जेन झी’, दुसरे ‘बूमर’. वर्गात सगळ्यांनी भराभर फोटो काढले.

मीही 22 वर्षांची आहे. भिवंडीत राहते, अंजूरफाट्यावर रिक्षाची वाट बघत माझी सकाळ जाते आणि रियाला मी आजवर कुठे भेटलेले नाही.

आधी त्या आठ सेकंदांचं बघू, कारण हा आकडा आपल्या सगळ्यांच्या असाइनमेंटमध्ये असतो. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या जाहिरात विभागाने 2015 मध्ये एक अहवाल काढला. माणसाचं लक्ष 2000 मध्ये 12 सेकंद टिकायचं, 2013 मध्ये ते आठवर आलं आणि गोल्डफिशचं मात्र नऊ सेकंद टिकतं, असं त्यात होतं. हा आकडा त्यांनी स्वतः मोजलेला नव्हता, दुसऱ्या एका वेबसाइटवरून उचललेला होता. पत्रकारांनी मूळ शोधायला सुरुवात केली तेव्हा त्यामागे धड संशोधन सापडलं नाही. शिवाय तो आकडा तरुणांबद्दल नव्हताच, सगळ्याच माणसांबद्दल होता. फिरत फिरत तो आपल्या गळ्यात पडला. (तीन तासांचा सिनेमा बघून आल्यावर गोल्डफिशशी तुलना झाली की जरा लागतंच.)

आता भिवंडीतले तीन 22 वर्षांचे घ्या. एक मी, मास कॉमवाली. दुसरा आमच्या चाळीतला मुलगा, मानकोलीच्या गोदामात रात्रपाळीला पार्सल स्कॅन करतो आणि पगारातून घरभाडं भरतो. तिसरी माझी शाळेतली मैत्रीण. ती पद्मानगरची, घरात तेलुगू बोलणारी. तिचं लग्न झालंय आणि घरात फोन एकच आहे, तो दिवसभर नवऱ्याकडे असतो. तिघांचंही जन्मवर्ष ‘जेन झी’त बसतं. पण गोदामातल्या मुलाचा खर्च माझ्यापेक्षा त्याच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाशी जास्त जुळतो: पगाराच्या दिवशी किराणा, गावी पैसे, मग उरलं तर रिचार्ज. मैत्रिणीला माझ्या फोनवर येणारी मराठी जाहिरात दाखवून काही होणार नाही. तिची भाषा वेगळी, आणि फोन तिच्या हातात येतो रात्री दहानंतर.

म्हणजे पिढी असं काही नसतंच का? असतं. कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1928 मध्ये पिढ्यांवर एक निबंध लिहिला, तो आजही या विषयाचा पाया मानतात. एकाच सुमारास जन्मलं म्हणून पिढी बनत नाही, असं त्याचं म्हणणं. तरुणपणी एकाच उलथापालथीतून गेलेल्यांची पिढी बनते. आणि तरीही त्या उलथापालथीला सगळे एकसारखं उत्तर देत नाहीत, त्यांच्यात गट पडतात.

हे समजायला आपल्याला जर्मनीला जायची गरज नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थांबल्या, पण कापडाची मागणी थांबली नाही. गिरणी मालकांनी कापड बाहेरून विणून घ्यायला सुरुवात केली आणि त्यातलं बरंच काम भिवंडीच्या यंत्रमागांवर आलं. आमच्या नात्यात त्या वेळी विशी-पंचविशीत असलेले दोघे आहेत. आईचे धाकटे काका लालबागला गिरणीत नुकतेच बदली कामगार म्हणून लागले होते. बाबांचे मामा भिवंडीत दुसऱ्याच्या मागावर काम करत होते. संपाने काकांची नोकरी गेली, ती परत आलीच नाही. मामांनी त्याच वर्षांत उधारीवर स्वतःचे दोन माग टाकले. दोघांमध्ये जेमतेम चाळीस किलोमीटरचं अंतर.

आज दोघं साठी ओलांडलेले, स्लाइडवर दोघांचंही नाव शरदराव. पण काका हप्त्यावर काहीही घेत नाहीत. फ्रिजसुद्धा पैसे साठवून रोख घेतला, तोवर माठ. मामांना हप्त्याचं काहीच वाटत नाही, कर्जाने त्यांचं भलंच केलंय. ‘ज्येष्ठांसाठी सुलभ हप्ते’ अशी जाहिरात दोघांना दाखवली तर एक लगेच फोन लावेल आणि दुसरा चॅनल बदलेल. एकच साल, एकच घटना. फरक पडला तो कोण कुठे उभा होता याने.

‘बूमर’ हा शब्दही मुळात इथला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मदर अचानक वाढला, 1946 ते 1964 मधल्या त्या बाळांना ते नाव पडलं. आपल्याकडे त्या वर्षांत फाळणी झाली, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली. त्यांची वर्षं आपण तशीच उचलली आणि आपल्या आजोबांना चिकटवली.

खरी तांत्रिक अडचण मात्र याच्या पुढची आहे, आणि ती त्या दिवशी वर्गात कुणी विचारली नाही. तरुण आणि म्हातारे वेगळं वागतात तेव्हा त्याची तीन कारणं असू शकतात. एक, वय: माझ्याकडे पगार नाही म्हणून मी सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारते, आणि 22 व्या वर्षी बाबाही सगळ्यात स्वस्त तेच घेत होते. दोन, काळ: 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली तेव्हा मागावरचा रोख पगार अडकला आणि वीस वर्षांचा असो की साठ, सगळेच रांगेत उभे राहिले. तीन, खरोखरची पिढी: तरुणपणी लागलेली एखादी गोष्ट आयुष्यभर सोबत राहते. होलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांना 1989 मध्ये असं आढळलं, की लोकांना आपल्या विशीच्या सुरुवातीच्या काळातली गाणी सर्वात जास्त आवडतात, मग ते आज कितीही वर्षांचे असोत. हे पिढीचं लक्षण.

घोळ असा, की आज केलेल्या एका सर्वेक्षणातून ही तीन कारणं वेगळी काढताच येत नाहीत. चालू वर्षातून वय वजा केलं की जन्मवर्षच उरतं, त्यामुळे वय आणि पिढी एकमेकांना चिकटूनच येतात. ‘जेन झी पैसे साठवत नाही’ हे म्हणायचं असेल तर आजच्या 22 वर्षांच्या मुलांची तुलना आजच्या 45 वर्षांच्या माणसाशी करून भागत नाही. तो माणूस 22 चा असताना किती साठवत होता, हे लागतं. अमेरिकेतली प्यू रिसर्च ही संस्था या पिढ्यांच्या नावांसाठी जगभर ओळखली जाते. तिनेच 2023 मध्ये जाहीर केलं, की एकाच वयातली जुनी आकडेवारी हाताशी नसेल तर यापुढे आम्ही पिढ्यांची तुलना करणार नाही. जिच्या वर्षांवर आपल्या स्लाइड्स बनतात ती संस्था सावध झाली, आपण अजून फोटो काढतोय.

यात कंपनीचंही नुकसान आहे. समजा, ऑनलाइन चपला विकायच्या आहेत. 100 तरुणांमागे 60 घेतात, 100 वयस्करांमागे 40. फरक चांगलाच मोठा आहे, म्हणून ठरलं, ‘हे तरुणांचं प्रॉडक्ट’. जाहिरात फक्त तरुणांना दाखवली. 100 पैकी 40 जणांवर ती वाया गेली. आणि एकूण 100 गिऱ्हाइकांपैकी 40 जणांपर्यंत ती पोहोचलीच नाही. पुढच्या वर्षी वयस्करांची खरेदी आणखी घटेल, आणि कुणीतरी म्हणेल, बघा, आम्ही सांगितलं होतं. सरासरीतला फरक खरा होता. प्रत्येकाच्या कपाळावर ती सरासरी लिहिली, तिथे चुकलं.

वयस्करांच्या बाबतीत तर हे यंत्रातच बसवलेलं आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात लावताना वयाची मर्यादा एकेक वर्षाने निवडता येते, पण ती 65 ला संपते. त्यापुढचे सगळे एकाच खणात. गूगलवर आपल्यासाठी 18 ते 24 असा सात वर्षांचा वेगळा गट आहे, आणि तिथेही 65 नंतर एकच. नुकतीच निवृत्त झालेली, स्कूटर चालवणारी बाई आणि तिची 88 वर्षांची अंथरुणाला खिळलेली आई, दोघी एकाच गटात. वीस आणि त्रेचाळीसच्या माणसांना असं एकत्र कोंबलं तर आपण केवढा आरडाओरडा करू!

गोड स्टिरिओटाइपही असतो. 2017 च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनच्या आशा-बाला या जोडप्याच्या जाहिराती आठवतात? गोव्यात फिरणारे आजी-आजोबा, प्रत्यक्षात शांता आणि व्ही. पी. धनंजयन हे नामवंत भरतनाट्यम कलावंत. मला त्या आवडायच्या. पण त्यातली गंमत म्हातारी माणसं मोबाइल इंटरनेट वापरतात यात होती. म्हणजे मूळ समज तोच, की त्यांना ते जमत नाही. हा समज बँकेच्या अ‍ॅपमध्ये उतरतो तेव्हा गोड राहत नाही. फिकट राखाडी, बारीक अक्षरं, ओटीपीला तीस सेकंद. काकांना चष्मा सापडेपर्यंत वेळ संपते. मग ते मुलाला फोन देतात, आणि डेटामध्ये नोंद होते की निर्णय मुलगा घेतो.

व्याख्यान संपल्यावर मी पाहुण्यांना विचारलं, रियाच्या जागी ‘पगार महिन्याच्या कितीला होतो, फोन कुणाच्या हातात असतो, घरात भाषा कुठली’ एवढंच लिहिलं तर? भिवंडीत तेवढ्यावर वयापेक्षा जास्त कळेल. ते हसले. म्हणाले, “बरोबर आहे गं. पण क्लायंटला जेन झीच लागते.”

घरी येऊन आजीला शरदरावांबद्दल सांगितलं. तिने मान वर केली नाही. ती यूट्यूबवर मालिकेचा राहिलेला भाग बघत होती, दीडपट वेगाने. म्हणाली, “हळूच बोलतात मेले, कोण बसून राहणार?”