उजवा रकाना

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या तासाला घेतलेल्या टिपणांवरून दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, असे यंदा वर्गात ठरले. माझ्या वाट्याला 1875 चे दख्खनचे दंगे आले. कागदाचे उभे दोन रकाने केले. डावीकडे निवेदन, उजवीकडे त्या वेळी पडद्यावर दिसणारे दृश्य. डावा रकाना मी एका बैठकीत लिहिला आणि उजव्याला सजावट समजलो. ही चूक आपण बहुतेक जण करतो, असे माझे मत आहे.

टिपणातले वाक्य असे होते : ‘अमेरिकेतील यादवी युद्ध, कापसाची तेजी-मंदी, सारावाढ व सावकारी कर्ज यांमुळे दंगे झाले.’ परीक्षेत हे वाक्य खपते. पण त्याच्यासमोर दृश्य कोणते लिहायचे? ‘यांमुळे’ या शब्दाचे चित्र निघेना, कारण कशातून काय घडले हे मलाच उमगले नव्हते. मग वाक्य फोडले. 1861 : नकाशावर अमेरिकेहून इंग्लंडला जाणारी कापसाची रेघ तुटते, मुंबईहून निघालेली जाड होते. भाव चढल्याने सावकार सढळ हाताने कर्ज देतो. कर्जरोख्यांची चळत उंच होते. 1865 : युद्ध संपते, मुंबईची रेघ बारीक होते, चळत मात्र तशीच राहते. पुढे नव्या आकारणीने सारा वाढतो आणि सावकार नवे कर्ज नाकारतो. प्रत्येक दृश्यासमोर दोन-तीनच वाक्ये ठेवली. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द सावकाश बोलता येतात. म्हणजे सारे मिळून अडीचशे.

शेवटच्या दृश्यात मी सिनेमातला पोट सुटलेला सावकार आणि काठ्या उगारलेला जमाव लिहिला होता. वडिलांना वाचून दाखवले. ते शाळेत गेलेले नाहीत, पण सोसायटीच्या कर्जाचे कागद त्यांना चांगले ठाऊक आहेत. त्यांनी विचारले, “लोकांनी माणूस मारला, का कागद जाळला?” टिपण पुन्हा उघडले. 12 मे 1875 रोजी सुप्याला दंगा सुरू झाला; रोखे हिसकावून जाळणे हा मुख्य हेतू होता, माणसांवरचे हल्ले त्या मानाने थोडे झाले. माझे निवेदन खरे होते, चित्र खोटे बोलत होते. आता तेथे जळणारा रोखा आहे. आणि ते रेखाटन माझे असल्याने कोपऱ्यात ‘कल्पनाचित्र’ असे लिहिले आहे.

डाव्या रकान्यातले चुकीचे वाक्य सर लाल शाईने खोडतात. उजव्या रकान्यातले चुकीचे चित्र मात्र ‘छान आहे’ म्हणून सुटते. पाहणाऱ्याच्या मनात वाक्यापेक्षा चित्रच अधिक काळ राहते. म्हणून गुण द्यायचे तर दोन्ही रकान्यांना द्यावेत, आणि पुरावाही दोघांकडे सारखाच मागावा.