‘नेट गेलं होतं’ हे मॅनेजरला पुरत नाही

धंदा सुरू करायचा आहे, पण भांडवल जमेपर्यंत घरून नोकरी करायची, असं ठरवलेले तुमच्यापैकी बरेच जण आहेत. गावात राहायचं, पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम करायचं आणि महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायचे. हा मार्ग मला आवडतो. पण त्यात एक दिवस असा येतोच की नेट जातं, फोन लागत नाही आणि तिकडे मॅनेजर चार तास तुम्हाला शोधत बसतो. दुसऱ्या दिवशी काय सांगायचं, यावर आज बोलू. माझं मत आधीच सांगतो. नेट का गेलं, हा त्या खुलाशाचा लहान भाग आहे. ते गेल्यावर तुम्ही किती वेळ गप्प राहिलात आणि का, हा मोठा भाग आहे.

पेठचंच उदाहरण घेऊ. नाशिकहून धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा तालुका, घाटमाथ्याचा आणि धो धो पावसाचा. धरून चला, तुम्ही पेठला राहता आणि पुण्याच्या एका वितरकाच्या ऑर्डरी घरून कॉम्प्युटरवर चढवता. जुलैचा सोमवार आहे. 9:40 ला वीज जाते. 10:05 ला परत येते, पण नेट येत नाही. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल लुकलुकतोय. मोबाइलवर रेंजच्या दोन काड्या दिसतात, पण व्हॉट्सअॅपच्या मेसेजपुढे घड्याळाचं चिन्ह तसंच राहतं आणि कॉलही लागत नाही. तुम्ही डबा बंद-चालू करता, परत करता. ‘आत्ता येईल’ म्हणत साडेअकरा वाजतात, एक वाजतो. 1:40 ला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या फोनला रेंज आहे असं कळतं, आणि त्याच्या फोनवरून तुम्ही मॅडमना कळवता. तोपर्यंत 11 ची मीटिंग गेलेली असते आणि 14 ऑर्डरी पडून असतात.

आता नक्की काय बिघडलं होतं ते समजून घ्या, कारण जे समजलेलं नाही ते नीट सांगताही येत नाही. एलओएसचा दिवा लाल झाला म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत पोहोचत नाहीये. केबल कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे, किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, बिघाड बहुधा घराबाहेर आहे. याउलट पॉनचा दिवा हिरवा स्थिर आहे, एलओएस विझलेला आहे आणि तरी नेट नाही, तर लाइन शाबूत आहे. मग कंपनीच्या सर्व्हरचा घोळ, राउटरची सेटिंग किंवा चक्क संपलेला रिचार्ज यापैकी काहीतरी असतं. आणि सगळेच दिवे विझलेले असतील तर वीज किंवा अडॅप्टर बघा. तीन वेगळे बिघाड, आणि आपण तिन्हींना ‘नेट गेलं’ म्हणतो. मॅनेजरला त्या दोन शब्दांतून लाइन तुटली होती की रिचार्ज मारायचा राहिला होता, हे कळत नाही. मग तो आपल्या स्वभावाप्रमाणे अर्थ काढतो.

मोबाइलचं काय? घरची लाइन गेली तर मोबाइल आहेच, असं सगळे धरून चालतात. पण टॉवरही कुठल्यातरी तारेनेच पुढे जोडलेला असतो. पुष्कळदा ती फायबर त्याच रस्त्याच्या कडेने येते. झाड पडलं किंवा जेसीबीचं पातं लागलं तर दोन्ही एकदम जातात. टॉवर बॅटरीवर चालू असतो, म्हणून काड्या दिसत राहतात, पण पुढे रस्ता बंद. दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं तरी ते त्याच टॉवरवर असू शकतं, कारण एका टॉवरवर अनेक कंपन्यांची यंत्रं बसवलेली असतात. म्हणून दुसरं सिम घेताना दुकानदाराला विचारू नका. पहिलं सिम मेलेलं असेल त्या दिवशी गावात कोणाचा फोन चालतो, ते बघा आणि त्याच कंपनीचं घ्या. आपल्या उदाहरणात किराणावाल्याचा फोन चालला, म्हणजे उत्तर तिथेच मिळालं.

आता खुलासा. मॅडमना जाणारे दोन मेसेज मी नेहमी बघतो. पहिला: ‘सॉरी मॅडम, नेट इश्यू होता.’ दुसरा भलामोठा असतो, त्यात पाऊस, घाट, लाइटवाले, डब्याचे सहा फोटो आणि शेवटी ‘आमच्या पेठला हे असंच असतं मॅडम.’ मला विचाराल तर दुसरा जास्त घातक. ‘आमच्याकडे असंच असतं’ याचा मॅनेजरच्या कानाला ऐकू येणारा अर्थ असा की हे दर पावसाळ्यात होणार आणि हा माणूस काही करणार नाही. पुढच्या वेळी पेठचा, सुरगाण्याचा, हरसूलचा एखादा अर्ज आला की तेच वाक्य त्यांना आठवेल. तुमच्या तालुक्यातल्या दुसऱ्या पोराची नोकरी तुम्ही एका वाक्यात घालवलेली असते.

त्याऐवजी लाइन आल्यावर त्याच संध्याकाळी असं लिहा:

‘मॅडम, आज 9:40 ते 1:40 मी संपर्काबाहेर होतो. 11 ची मीटिंग चुकली आणि 14 ऑर्डरी एन्टर झाल्या नाहीत. 9:40 ला वीज गेली, 10:05 ला आली, पण फायबरची लाइन बाहेर तुटली होती. माझ्या मोबाइलवरून कॉल किंवा मेसेजही जात नव्हते. 1:40 ला शेजारच्या दुकानातल्या फोनवरून तुम्हाला कळवलं. तो फोन मी 10:15 लाच शोधायला हवा होता, नेट येईल म्हणून थांबलो. तक्रार 1:50 ला नोंदवली, तिचा नंबर खाली देतो. लाइन 5:10 ला सुरू झाली. 9 ऑर्डरी आत्ता झाल्या, उरलेल्या 5 उद्या 9:30 च्या आत होतील. त्या दुकानदाराच्या कंपनीचं सिम उद्या घेतोय. यापुढे नेट गेलं तर 15 मिनिटांत त्या सिमवरून एसएमएस करेन.’

यात क्रम बघा. सगळ्यात आधी त्यांचं काय अडलं, मग कारण, मग तुमचा वाटा, मग पुढचं. ‘नेट येईल म्हणून थांबलो’ हे वाक्य लिहायला लोक घाबरतात. पण हिशोब करा: बिघाड झाला 10:05 ला, कळवलं 1:40 ला. दुकान तर तिथेच होतं. हे साडेतीन तास केबलने खाल्ले नाहीत, आणि थोडा विचार करणाऱ्या मॅडमना ते दिसणारच. त्यांनी विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. तक्रारीचा नंबर हाही साधा पण पक्का पुरावा आहे, त्यावर वेळ नोंदलेली असते. फोटो पाठवायचाच असेल तर लाल दिव्याचा एक पुरे.

आणखी एक गोष्ट बघा, ‘पुन्हा असं होणार नाही’ हे त्यात नाही. ते तुमच्या हातातच नाही, पाऊस तुम्हाला विचारून येत नाही. 15 मिनिटांत कळवणं मात्र हातात आहे.

मोठ्यांचंही असंच होतं बरं का. 4 ऑक्टोबर 2021 ला आपल्याकडे रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळं बंद पडलं, सुमारे सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांचं स्वतःचं अंतर्गत जाळं तोडलं. गंमत म्हणजे दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे इंजिनियरना आत शिरायलाच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा लिहिला, त्यात ती कमांड अडवायला हवी होती अशा तपासणीच्या साधनातच दोष होता, हेही मोकळेपणाने सांगितलं. आपला पेठचा प्रश्न तोच आहे: बिघाड कळवण्याचं साधन आणि बिघडलेलं साधन एकच.

म्हणून नेट चालू असतानाच मॅनेजरशी एक ठरवून ठेवा. 9:30 पर्यंत तुमचा ‘आलो’ मेसेज नाही आला, तर माणूस अडकलाय असं धरायचं आणि सकाळचं तातडीचं काम दुसऱ्याकडे द्यायचं. दिवसात एक तास उत्तर नाही आलं तरी तेच. मग दोन्ही सिम मेली तरी तुमच्या गप्प राहण्याचाही अर्थ त्यांना कळतो. राउटरसाठी मिनी यूपीएस घ्या, हेही सांगेन, पण त्याची मर्यादा ओळखून. अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवून घ्या, बहुतेक डब्यांना 12 व्होल्ट लागतात. वीज जाऊन लाइन शाबूत असेल तेव्हाच तो कामाचा. आपल्या सोमवारी त्याने फार तर 9:40 नंतरची ती पंचवीस मिनिटं वाचवली असती, तीही लाइन तेव्हा शाबूत असती तरच.

उद्या तुमचा स्वतःचा धंदा असेल, दोन माणसं घरून काम करत असतील आणि असा मेसेज तुम्हाला येईल. तेव्हा ‘नेट का गेलं’ हा पहिला प्रश्न विचारू नका. ‘गिऱ्हाइकाचं काय अडलं आणि तुला पहिला चालता फोन कधी मिळाला’ हे विचारा. उत्तर सरळ आलं तर माणूस ठेवा.

राहिला त्या चार तासांच्या पगाराचा प्रश्न. माझ्या मते तो विषय तुम्हीच काढावा. ‘हे तास शनिवारी भरून देऊ की अर्धी रजा लावू?’ असं त्याच मेसेजच्या शेवटी विचारा. रजा लावा म्हणाल्या तर लावून टाका, त्यावर घासाघीस करू नका. पण लाइन महिन्यात तीन-चारदा तुटायला लागली, तर दर वेळी अर्धी रजा परवडणार नाही. तेव्हा तक्रारींचे नंबर एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवा, आणि त्या वहीवरून नाशिकला आठवड्यातून दोन दिवस खोली घ्यायची की दुसऱ्या कंपनीची लाइन ओढायची, याचा खर्च मांडा.