मोसंबीच्या सालींचे मोल

मोसंबी हे मराठवाड्याचे फळ. देवगाव रंगारीसारख्या गावात तिच्या साली मात्र उकिरड्यावरच जातात. एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी प्लास्टिकच्या बरणीत, थोडी जागा रिकामी सोडून, तीन महिने आंबवावे. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करावे; अन्यथा वायूने बरणी फुगते. या आंबट द्रावाने नळावरील क्षारांचा पांढरा थर सुटतो. त्यास सर्वगुणसंपन्न ठरविणे मात्र अनाठायी होय. शहाबादी फरशी चुनखडीचीच असल्याने हे आम्ल तिलाही खाते. शौचालयातील जंतू याने मरतील, असा भरवसा धरू नये. तेथे ब्लीचिंग पावडर हवी. परंतु दोन्ही कदापि एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.