डिस्क शंभर टक्के, पण दोष कुणाचा?

लॅपटॉप रखडू लागला की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी सांगते फॉरमॅट मारून घ्या, कुणी म्हणते व्हायरस असेल, कुणी थेट नवा घ्यायला सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि या शेवटच्या सल्ल्याला आणखी जोर आला. वास्तविक सुरक्षेचे अपडेट थांबणे ही एक गोष्ट आणि यंत्र मंद होणे ही दुसरी. मंदपणाचे कारण शोधायला लागणारे साधन प्रत्येक विंडोज लॅपटॉपमध्ये आधीपासून आहे. ते पाहायला पाच मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत. अडचण एवढीच, की त्यातला सर्वांत मोठा आकडा पाहून निदान केले तर ते बहुधा चुकते.

हे साधन म्हणजे टास्क मॅनेजर. Ctrl + Shift + Esc ही तीन बटणे एकत्र दाबली की ते उघडते. त्यातील Performance या विभागात डावीकडे CPU, Memory, Disk आणि Wi-Fi अशी नावे ओळीने दिसतात. प्रोसेसर हिशेब करतो. मेमरी म्हणजे काम करायचे टेबल. डिस्क म्हणजे कागद ठेवायचे कपाट. नेटवर्क म्हणजे बाहेरून कागद येण्याचा रस्ता. काम खोळंबते तेव्हा या चौघांपैकी बहुतेक वेळा एकच जण बाकीच्यांना ताटकळत ठेवतो. आलेख साधारण शेवटच्या एका मिनिटाचा असतो. त्यामुळे लॅपटॉप अडला असताना तो पाहायला हवा. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार?

वांद्रे पूर्वेच्या एखाद्या करसल्लागाराच्या छोट्या कार्यालयाचे उदाहरण घ्यावे. सहा-सात वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, आठ जीबी मेमरी आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची २० तारीख जवळ आलेली. हिशेबाचे सॉफ्टवेअर, दोन मोठ्या एक्सेल फायली, ग्राहकांनी पाठवलेल्या पीडीएफ पावत्या आणि ब्राउझरमध्ये पंचवीसेक टॅब, असे सारे एकाच वेळी उघडे. एका खिडकीतून दुसरीत जायचे तर दहा-दहा सेकंद पडदा गोठतो. टास्क मॅनेजर उघडल्यावर दिसते ते असे: CPU १४ टक्के, Memory ७.३/७.८ जीबी, Disk १०० टक्के, Wi-Fi जवळजवळ निवांत.

इथे नजर साहजिकच शंभरावर जाते आणि डिस्क खराब झाली असा निष्कर्ष निघतो. पण डिस्कच्या नावावर क्लिक करून खालचे आकडे वाचले की वेगळेच काही दिसते. Active time शंभर टक्के असले तरी Read speed सेकंदाला जेमतेम १.८ एमबी आहे आणि Average response time ३४० मिलिसेकंद आहे. म्हणजे डिस्क एक क्षणही रिकामी नाही, आणि तरीही तिच्या हातून जवळजवळ काहीच काम होत नाही.

हा विरोधाभास समजून घेण्यासारखा आहे. Active time हा डिस्क किती वेळ कामात होती याचा आकडा आहे, तिने किती माल दिला याचा नाही. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारी सुई योग्य जागी न्यावी लागते आणि तबकडी फिरून तिथे येण्याची वाट पाहावी लागते. यात प्रत्येक वेळी साधारण दहा मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या जागांवरून छोटे छोटे तुकडे मागितले तर सेकंदाला शंभरेक तुकडेच मिळतात. सगळा वेळ ये-जा करण्यात जातो. मागण्या त्याहून वेगाने येत राहिल्या की रांग लागते आणि दहा मिलिसेकंदांचे उत्तर शेकडो मिलिसेकंदांवर जाते.

मग प्रश्न उरतो, एवढे छोटे तुकडे मागतो कोण? त्याचे उत्तर Memory मध्ये आहे. तिथे In use पेक्षा Available हा आकडा महत्त्वाचा. Cached मोठा दिसला तर घाबरायचे कारण नाही. पुढे लागतील म्हणून टेबलावर ठेवलेले ते कागद असतात, गरज पडताच बाजूला होतात आणि Available मध्ये तेही धरलेले असतात. उदाहरणातल्या लॅपटॉपवर Available केवळ ०.४ जीबी आहे. शिवाय Committed १२.६/१४.८ जीबी दिसते. उघड्या प्रोग्रॅमना मिळून साडेबारा जीबी कबूल केलेले आहेत आणि टेबल मात्र आठाचेच आहे. उरलेल्यातले बरेचसे विंडोजने डिस्कवरच्या pagefile.sys या फायलीत हलवले आहे. ब्राउझरवरून एक्सेलवर गेले की एक्सेलचे कागद कपाटातून आणायचे आणि जागा करायला ब्राउझरचे कपाटात ठेवायचे. ही ने-आण म्हणजेच ते छोटे तुकडे. शंभर टक्के डिस्कचे दिसतात, पण तोकडी पडली आहे मेमरी. म्हणून Memory आधी आणि Disk नंतर, हाच वाचनाचा क्रम ठेवावा.

निदानाची खात्री दोन प्रकारे करता येते. Resource Monitor उघडून Disk विभागातील हालचालींची यादी पाहावी. तिथे pagefile.sys सतत वर दिसत असेल तर संशय पक्का होतो. दुसरा उपाय त्याहून साधा आहे. ब्राउझर पूर्ण बंद करावा आणि एक-दोन मिनिटे थांबावे. Available दोन-अडीच जीबीपर्यंत वर गेले आणि डिस्कचा आलेख खाली उतरला, तर दोष मेमरीचा. Available भरपूर असूनही डिस्क शंभरावरच अडली, तर गुन्हेगार वेगळा आहे. Processes विभागात Disk या रकान्यावर क्लिक केले की अँटीव्हायरसची तपासणी किंवा अपडेट चालू आहे का ते कळते. असे काही चालू नसताना उत्तराचा वेळ वारंवार हजारांच्या घरात जात असेल, तर मात्र डिस्कच आजारी असू शकते. अशा वेळी दुरुस्तीचा विचार करण्याआधी कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

या लॅपटॉपला नुसती एसएसडी बसवली तर फरक नक्की जाणवेल, कारण तिला सुई हलवावी लागत नाही आणि ती एक मिलिसेकंदाच्या आतही उत्तर देते. पण ती झाली वेदनाशामक गोळी. ने-आण चालूच राहील, फक्त ती वेगाने होईल. मेमरी वाढवणे हा मूळ उपचार आहे आणि दोन्ही परवडत असेल तर उत्तमच. लॅमिंग्टन रोडवर जाण्याआधी Memory मधील Form factor ही ओळ वाचावी. SODIMM लिहिले असेल तर मेमरीची पट्टी बहुधा बदलता येते. Row of chips असेल तर ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असण्याची शक्यता मोठी. तशा वेळी कमी टॅब किंवा नवा लॅपटॉप, एवढेच मार्ग उरतात.

प्रोसेसरच्या बाबतीत उलटी फसगत होते. सगळ्यांची सरासरी दाखवणारा आकडा लहान दिसतो आणि प्रोसेसर निर्दोष ठरतो. सागरी सेतूच्या वांद्र्याकडील टोलनाक्यावर खिडक्या अनेक असल्या तरी एका गाडीला एकाच खिडकीतून जाता येते. काही कामे अशीच असतात, ती वाटून घेता येत नाहीत. आठ भागांच्या प्रोसेसरवर एक भाग पूर्ण गुंतला तरी सरासरी बारा-तेरा टक्केच दिसते. आलेखावर उजवे क्लिक करून Logical processors निवडले की प्रत्येक भाग वेगळा दिसतो. उदाहरणातले १४ टक्केही असे तपासून घ्यावेत. शिवाय Speed आणि Base speed यांची तुलना करावी. निवांत असताना वेग उतरणे स्वाभाविक आहे. पण भरपूर काम असताना वेग मूळ वेगाच्या बराच खाली अडकला असेल, तर यंत्र तापले आहे किंवा चार्जर पुरेशी वीज देत नाही. पंख्यातली धूळ काढल्याने सुटणाऱ्या प्रश्नासाठी नवा लॅपटॉप घ्यायचा का?

नेटवर्कचा आलेख सर्वांत कमी बोलतो. किती माहिती आली-गेली ते तो दाखवतो, किती येऊ शकली असती ते नाही. मोठी फाइल उतरवताना आलेख घरच्या प्लॅनच्या वेगापाशी सपाट झाला असेल तर रस्ता भरला आहे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण साडेबारा एमबी, कारण आलेख बिट मोजतो आणि फायली बाइटमध्ये मोजतात. पण चारही आलेख निवांत आहेत आणि एखादे संकेतस्थळ तरीही उघडत नाही, तेव्हा खोळंबा एक तर वाटेत कुठेतरी असतो किंवा पलीकडच्या सर्व्हरवर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच संकेतस्थळ उघडून पाहिले की यातले कोणते ते बरेचसे कळते. शेवटच्या तारखेला सर्व्हरवर गर्दी असेल तर दोन लाखांचा लॅपटॉपही तितकाच ताटकळतो.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठेवलेली किमान अट आजही चार जीबी मेमरीची आहे. दुकानातला स्वस्त लॅपटॉप त्या अटीत बसतो म्हणून विकला जातो. पण ती अट यंत्र सुरू होण्याची आहे, कार्यालयाचे काम पेलण्याची नाही. ग्राहकाला हा फरक सांगणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. तो सांगत नसेल तर ग्राहकाने आपला स्वतःचा आकडा घेऊन दुकानात जावे. रोजची सगळी कामे उघडी असताना Committed मध्ये पहिला आकडा किती दिसतो, तेवढा लिहून घ्यावा. उदाहरणातल्या करसल्लागाराचा आकडा १२.६ आहे. त्याला आठ जीबीचा नवाकोरा लॅपटॉप घेऊनही ओढाताण सहन करावी लागेल, आणि जुन्याच लॅपटॉपमध्ये सोळा जीबी बसवले तर कदाचित नवा घ्यावाच लागणार नाही.

दुरुस्ती करणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारावा. लॅपटॉप अडलेला असताना चारही आलेख पाहिले का, आणि त्यावेळी Available किती होते? त्याचे उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅट मारायला होकार देऊ नये.