पहिल्या ओळीतला प्रश्न

कवितेचे रसग्रहण लिहिताना आपण बहुधा मध्यवर्ती कल्पनेपासून आरंभ करतो आणि पहिली ओळ ‘कविता अशी सुरू होते’ एवढे म्हणून मागे टाकतो. माझ्या मते या घाईत बरेच काही निसटते. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या परिचित कवितेवर हे पडताळून पाहा.

पावसात कुणीतरी येते आणि आपल्याला ओळखले का, असे सरांना विचारते. एवढेच पहिल्या ओळीत घडते. पण तिच्यात दोन आवाज आहेत. पहिला आवाज विचारणाऱ्याचा. तो स्वतःची ओळख मागतो आहे. दुसरा निवेदकाचा, तो मात्र या माणसाला नाव देत नाही, केवळ ‘कोणी’ म्हणतो. ओळख मागणारा अखेरपर्यंत अनामिकच राहतो. त्यामुळे आपणही त्याला नावाने नव्हे, बोलण्यावरून ओळखू लागतो.

आता ‘सर’ हे संबोधन पाहा. या एका शब्दाने जुने गुरुशिष्याचे नाते आणि त्यातला आदर उभा राहतो. शिवाय पुढचे सारे कथन कुणाच्या कानांसाठी आहे, हेही ठरून जाते. नदी घरात शिरली, भिंत खचली, चूल विझली हे तो सांगतो, ते जुन्या शिक्षकाला. म्हणूनच नदीला माहेरवाशिणीची उपमा देण्याइतका मोकळेपणा आणि हसू त्याच्या बोलण्यात येऊ शकते. हीच हकिगत एखाद्या सरकारी अधिकाऱ्यापुढे सांगितली गेली असती, तर तो अर्ज झाला असता.

आणि अपेक्षा? भिजलेला माणूस दारात येऊन ओळख विचारतो, तेव्हा तो काहीतरी मागणार, असे आपण नकळत गृहीत धरतो. सरांनाही तसेच वाटते. त्यांचा हात खिशाकडे जातो. कलाटणी नेमकी इथे आहे. त्याला पैसे नको आहेत. एकटे वाटले म्हणून तो आला आहे. त्याचे मागणे पाठीवरच्या हाताचे आणि लढण्यास सांगणाऱ्या शब्दाचे आहे. पहिल्या ओळीत ‘सर’ नसते, तर या मागण्याला आधार उरला नसता.

आरंभी पुराचे वर्णन आणि नंतर हा माणूस, असा क्रम कल्पून पाहा. घटना त्याच राहतील, पण तो आपल्याला प्रथम भेटेल तो पूरग्रस्त म्हणून, विद्यार्थी म्हणून नव्हे.

अर्थात, पहिल्या ओळीतच सारा आशय सामावलेला असतो, असे मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नका. पहिल्या वाचनात तो प्रश्न साधी विचारपूसच वाटतो. त्याचे वजन शेवट वाचल्यावर कळते. सरांनी त्याला ओळखले की नाही, हे कविता कोठेही सांगत नाही.